दर दहा मिनिटांनी तुटणारा आवाज

श्रावणात कानबाई बसण्याआधी मावशीची अहिराणी गाणी रेकॉर्ड करायला पारोळा तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो होतो. लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज माइकात येऊ नये म्हणून लॅपटॉप ओसरीत ठेवला, ऑडिओ इंटरफेस आणि कंडेन्सर माइक माजघरात. मध्ये तीन मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन. लॅपटॉपला पोर्ट दोनच, म्हणून एक साधा चार पोर्टचा हब लावला आणि त्यावर माउस, बॅकअपची हार्डडिस्क आणि ही एक्स्टेन्शन, सगळंच जोडलं.

पहिलं गाणं नीट गेलं. दुसऱ्याच्या मध्यावर कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्ट चालू असल्याचं दाखवणारा इंटरफेसवरचा लाल दिवा क्षणभर विझला, पुन्हा लागला आणि रेकॉर्डिंग थांबलं. तिसऱ्यांदा तसंच झाल्यावर मावशी म्हणाली, "आते परत म्हनू का रे भाऊ?" म्हटलं, आज राहू दे. बाईमाणसाचा घसा काही चाचणीचं यंत्र नाही.

पहिला संशय बफरवर होता. तो १२८ वरून १०२४ केला, काही फरक नाही. बफर कमी पडला तर आवाजात टकटक येते, पण इंटरफेसचा दिवा विझत नाही. मग लॅपटॉपवर (त्यात उबुंटू आहे) सिस्टिमच्या नोंदी उमटतील तशा दाखवणारी `sudo dmesg -w` ही आज्ञा चालू ठेवून बसलो. आवाज तुटला त्याच क्षणी हे उमटलं:

```
usb 1-2.3: USB disconnect, device number 9
usb 1-2.3: new high-speed USB device number 10 using xhci_hcd
```

म्हणजे इंटरफेस खरोखरच सुटून पुन्हा जोडला जात होता. `1-2.3` मधला `2` हा लॅपटॉपचा पोर्ट आणि `3` हा हबचा. इथे काहीच उमटलं नसतं आणि नुसती टकटक असती, तर संशय डेटाच्या तारेवर किंवा बफरवर गेला असता. यूएसबीवरून ऑडिओ जातो तेव्हा बिघडलेलं पॅकेट पुन्हा मागवलं जात नाही, ते गेलं ते गेलंच. पेनड्राइव्हवर फाइल नीट कॉपी होते म्हणून केबल चांगली, असं म्हणूनच म्हणता येत नाही.

आता मावशीशिवाय चाचणी हवी होती. इंटरफेसच्या आउटपुटमधून छोटी वायर त्याच्याच दुसऱ्या लाइन इनपुटला जोडली, १ किलोहर्ट्झचा सूर सोडला आणि वीस-वीस मिनिटं रेकॉर्ड केला. पहिल्या इनपुटला माइक तसाच, ४८ व्होल्ट चालू, म्हणजे भार खरा राहिला. एक्स्टेन्शनच्या माजघराकडच्या टोकाला यूएसबी मीटर लावला.

आधी हब काढून नुसती एक्स्टेन्शन ठेवली, तर वीस मिनिटं साफ. म्हटलं, हबच चोर. मग हब ठेवून एक्स्टेन्शन काढली, तेही साफ! इथेच बरेच जण फसतात. जी वस्तू बदलल्यावर दोष गेला तिच्यावर खापर फोडतात आणि ती फेकून देतात. इथे दोन्ही वस्तू एकेकट्या पास होत होत्या.

मीटरने उलगडा केला. लॅपटॉपच्या पोर्टवर ५.०५ व्होल्ट होते. इंटरफेस ०.३१ अँपिअर घेत होता, ४८ व्होल्ट चालू केल्यावर ०.४०, कारण ते ४८ व्होल्टही त्याच पाच व्होल्टांतून बनतात. बारीक तारेची तीन मीटर केबल म्हणजे जाऊन-येऊन सहा मीटर तांबं, साधारण १.३ ओहम. ०.४० अँपिअरला अर्धा व्होल्ट तिथेच गेला, उरले ४.५३. तेवढ्यावर इंटरफेस चालत होता. पण हबच्या टीचभर वायरीतून हार्डडिस्कचाही करंट जातो. डिस्क झोपलेली असताना ४.४ दिसायचे. दर दहा मिनिटांनी प्रोजेक्ट आपोआप डिस्कवर सेव्ह व्हायचा, डिस्क जागी होऊन फिरायला लागायची, मीटर ४.२ दाखवायचा आणि लाल दिवा मिचकायचा. मीटर सरासरी दाखवतो, खरा खड्डा त्याहून खोल असणार. ४८ व्होल्ट बंद ठेवले की डिस्क जागी झाली तरी काही होत नव्हतं.

नियमाने बिनअडॅप्टरच्या हबने एका पोर्टला १०० मिलीअँपिअरच द्यायचे असतात. स्वस्त हब तशी मर्यादा घालत नाहीत, म्हणून इतका वेळ चाललं तेच नवल.

उपाय बिनखर्चाचा निघाला. इंटरफेस ओसरीत आणून एक मीटरच्या केबलने थेट लॅपटॉपला जोडला आणि माजघरात नुसता माइक ठेवून दहा मीटरची एक्सएलआर केबल ओढली. बॅलन्स्ड केबलला तेवढं अंतर काहीच नाही. डिस्क आणि माउस हबवर राहू दिले, हब दुसऱ्या पोर्टवर. तोच सूर चाळीस मिनिटं लावला, डिस्क चार वेळा जागी झाली, `dmesg` गप्प.

दुसऱ्या दिवशी मावशी सलग पाऊण तास गायली. मध्ये एकदा कोंबडा आरवला, तो मात्र रेकॉर्डिंगमध्ये आहे.