काम नवं, पगार जुना

गुरुवार, रात्री

संध्याकाळी टीममधल्या अ‍ॅनालिस्टचा पगार वाढवून मागणारा मेल आला. ऑगस्टमध्ये ती रिपोर्टिंगमधून आमच्या क्रेडिट रिस्कमध्ये आली. पद सिनियर, ग्रेडही एक वरची, पण पत्रात एक ओळ होती: ‘पगाराचा आढावा एप्रिलच्या अप्रेझलमध्ये.’ तेव्हा सही केली, कारण काम हवं होतं. तसंच करतात सगळे.

मेल मला आवडला. घराचा हप्ता, महागाई, ‘मी खूप कष्ट करते’, यातलं काहीच नाही. एचआरला त्याचा उपयोगही नसतो. तिने फक्त नव्या ग्रेडचा पगारपट्टा मागवला होता आणि हिशोब मांडला होता. तिचा वर्षाचा फिक्स्ड पगार ९.६ लाख, नव्या ग्रेडची सुरुवातच ११ लाखांपासून. म्हणजे ती पट्ट्याच्या तळाच्याही खाली आहे. एप्रिलमध्ये ८ टक्के वाढ धरली तरी आकडा १०.३७ लाखांवर थांबतो. ‘एप्रिलमध्ये बघू’ या उत्तराची हवाच काढून घेतली पोरीने.

सीटीसी वाढल्याचं एचआर सांगेल, हेही तिने ओळखलंय. नव्या ग्रेडला व्हेरिएबलचा टक्का जास्त, त्यामुळे कागदावर रक्कम फुगते आणि महिन्याला हातात तेवढेच येतात. म्हणून मागणी स्पष्ट: फिक्स्ड ११ लाख, १ ऑगस्टपासून लागू.

मेलमधला एका वेबसाइटवरचा बाजारभाव मात्र मी वगळायला लावला. एचआर विकत घेतलेला सर्व्हे बघते. वेबसाइटवर वाद सुरू झाला की मूळ मुद्दा बाजूला पडतो. त्याऐवजी एक वाक्य घालायला सांगितलं: ही दुरुस्ती भूमिकेसाठी आहे, वार्षिक वाढीत धरू नये. नाहीतर डिसेंबरमध्ये देतात आणि एप्रिलमध्ये ‘तुमची वाढ नुकतीच झाली’ म्हणून दोन टक्क्यांवर बोळवण करतात. हे मी दोघांच्या बाबतीत पाहिलंय.

पैसा कुठून येणार, हे मलाच दाखवावं लागेल. तिच्या जागी आधी असलेल्याचा फिक्स्ड १३ लाख होता आणि ती जागा त्याच बजेटसकट मंजूर आहे. तिला ११ दिले तरी दोन लाख उरतात. हे तिला ठाऊक नाही, ठाऊक असायचं कारणही नाही. पण एचआरला आणि फायनान्सला आहे. तिचा मेल पुढे पाठवताना मी हेच दोन ओळींत लिहिलं आणि तिच्याकडची कामं जोडली: दोन पोर्टफोलिओंची मासिक समीक्षा आणि मॉडेल व्हॅलिडेशनची पहिली तपासणी. जुन्या कामात यातलं काहीच नव्हतं.

माझा अंदाज, ११ देतील. घासाघीस होईल ती तारखेवर. ऑगस्टपासून म्हणजे महिन्याला साधारण ११,७०० रुपयांची थकबाकी, आणि एचआर पुढच्या पगारापासून म्हणणार. उद्या साडेअकराला त्यांच्याशी बोलायचंय. ऑगस्टचं पत्र आणि ग्रेड बदलल्याचा मेल दोन्ही आत्ताच काढून ठेवलेत.