पाटीवर डीवायएन-11, आत डीवायएन-1

परभणीजवळच्या एका जिनिंगमध्ये हंगामाच्या तोंडावर दुसरा ट्रान्सफॉर्मर चालू करायचा होता. प्रेसची मोटर सुरू झाली की व्होल्टेज पडायचं, म्हणून मालकांना दोन्ही ट्रान्सफॉर्मर एकाच बसवर पॅरललमध्ये हवे होते. दोन्ही 500 केव्हीएचे, 11 केव्ही ते 433 व्होल्टचे, इंपिडन्स 4.5 टक्के आणि पाटीवर आतल्या जोडणीचा प्रकार डीवायएन-11. फरक एकच होता. दुसरा जुना घेतलेला आणि वर्कशॉपमधून रिवाइंड करून आणलेला होता.

एचटी, म्हणजे 11 केव्हीची बाजू, चार्ज केली. दुसऱ्याचा एलटी, म्हणजे 433 व्होल्टच्या बाजूचा, ब्रेकर उघडाच ठेवला होता. तिन्ही फेजमध्ये 433 व्होल्ट मिळाले. फेज सिक्वेन्स मीटरची चकती दोन्हीकडे एकाच दिशेने फिरली. फोरमन मामा म्हणाले, "सगळं बरोबर आहे की साहेब, आता कशाला वेळ घालवायलात? मारा ब्रेकर."

सिक्वेन्स मीटर सांगतो तो फेजचा क्रम. आर, वाय, बी एकामागून एक येतात एवढंच त्यातून कळतं. दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरचा आर पहिल्याच्या आरसोबत त्याच क्षणी माथ्यावर पोहोचतो का, हे त्यातून कधीच कळत नाही. ते कळायला उघड्या ब्रेकरच्या दोन बाजूंमध्ये मीटर लावावा लागतो. त्यासाठी दोन्ही न्यूट्रल एकत्र जोडलेले हवेत, नाहीतर मीटर तरंगतो आणि भलतेच आकडे दाखवतो. इथे न्यूट्रल जोडलेलेच होते.

बसच्या आरवरून ब्रेकरखालच्या तिन्ही फेजना टोक लावत गेलो. आर ते आर 250 व्होल्ट, आर ते वाय 500, आर ते बी 250. मग वाय आणि बीवरूनही तेच केलं. प्रत्येकाला दोनदा 250 आणि एकदा 500 आले. नऊ आकड्यांत शून्य कुठेच नाही.

निदान इथेच झालं. नुसत्या एलटी केबल अदलाबदल झाल्या असत्या तर कुठल्या ना कुठल्या जोडीत शून्य मिळालंच असतं आणि बाकीच्यांत 433. शून्य कुठेच नाही म्हणजे दोन्हींच्या व्होल्टेजमध्ये कोनाचाच फरक आहे. फेज ते न्यूट्रल व्होल्टेजही 250 आहे. तेवढ्याच लांबीच्या दोन बाणांच्या टोकांत पुन्हा 250 चं अंतर पडलं, तर बाणांमधला कोन 60 अंश असतो. डीवायएन-11 मध्ये एलटी एचटीच्या 30 अंश पुढे असते, डीवायएन-1 मध्ये 30 अंश मागे. म्हणजे पाटी काहीही म्हणो, दुसरा डीवायएन-1 होता. एचटीच्या डेल्टाची टोकं उलट क्रमाने जोडली की असंच होतं. रिवाइंड करताना ती तशी जोडली गेली असणार.

मामांना हिशोब करून दाखवला. ब्रेकर मारला असता तर हे 250 व्होल्ट, म्हणजे पूर्ण फेज व्होल्टेज, दोन ट्रान्सफॉर्मरच्या इंपिडन्सवर पडलं असतं. दोन्हींचं मिळून 9 टक्के. म्हणजे प्रवाह पूर्ण भाराच्या सुमारे 11 पट. एका युनिटचा पूर्ण भार 667 अँपिअर, त्यामुळे बसवर कसलाही लोड नसताना दोघांमध्ये 7,400 अँपिअरच्या आसपास फिरले असते. हा शॉर्ट सर्किटच आहे. मामा काहीच बोलले नाहीत, पण त्यांनी ब्रेकरला स्वतःच्या हाताने कुलूप लावलं.

सुदैवाने 11 आणि 1 ही जोडी टाकी न उघडता जुळवता येते. सप्लाय बंद केला, एचटी अर्थ केली आणि दुसऱ्याच्या केबल बॉक्समध्ये आर आणि बी यांची लग्स अदलाबदल केली. पुन्हा चार्ज केल्यावर सिक्वेन्स मीटर उलटा फिरला, जे अपेक्षितच होतं. उलट्या क्रमात मागे राहणारं युनिट पुढे जाऊ लागतं. त्यामुळे ब्रेकरवर आता वाय ते वाय शून्य आला. आरचा शून्य मात्र बीशी आणि बीचा आरशी. परत बंद करून एलटीच्या आर-बी केबल बदलल्या. तिसऱ्या वेळी आर-आर, वाय-वाय, बी-बी तिन्ही जवळपास शून्य, बाकीचे 433. सिक्वेन्सही सरळ. तेव्हाच ब्रेकर मारला. लोड आल्यावर टाँग टेस्टरने पाहिलं, दोघांचे अँपिअर जवळजवळ सारखे निघाले.

हाच ट्रान्सफॉर्मर वायवायएन-0 असता, म्हणजे त्याच्या एचटी आणि एलटीत कोनाचा फरकच नसता, तर आर-आरमध्ये सुमारे 130 व्होल्ट आले असते आणि केबल कितीही फिरवल्या तरी 30 अंशांचा तो फरक गेला नसता. तसं युनिट डीवायएन-11 सोबत पॅरललला घेताच येत नाही. वेगळ्या बसवर चालवायचं आणि बस कपलरला इंटरलॉक ठेवायचा, एवढंच करता येतं.

निघण्याआधी मालकांना सांगून जुनी पाटी रद्द करायला लावली आणि टाकीवर व दोन्ही केबल बॉक्सवर रंगाने लिहून घेतलं: "डीवायएन-1. एचटी आणि एलटी दोन्हीकडे आर-बी बदललेले आहेत." उद्या केबल जळाली आणि कुणी रंग बघून आर-वाय-बी सरळ जोडून दिले, तर एकाच बाजूची केबल सरळ केली असल्यास सिक्वेन्स मीटर तरी बोंब मारेल. दोन्ही बाजूंच्या केबल सरळ केल्या तर तोही काही बोलणार नाही.