एक क्लोजअप, सात सिलॅबल

डबिंगचं स्क्रिप्ट लिहिताना अर्थ मराठीत आणणं तसं पटकन होतं हो, खरा घाम काढतो तो क्लोजअप. पात्र पाठमोरं किंवा लांब असेल तर वाक्य कसंही बसतं, पण चेहरा पडदाभर आला की प, ब, म लपत नाहीत, तिथे ओठ मिटतात आणि ते सगळ्यांना दिसतं.

परवा एका इंग्रजी युद्धपटाचं काम घेतलं होतं. चौकशी चालू आहे आणि सैनिक म्हणतो, 'आय नेव्हर सेंट देम द मॅप.' सरळ मराठी करायचं तर 'तो नकाशा मी त्यांना कधीच पाठवला नव्हता', म्हणजे जवळजवळ दुप्पट लांब, शिवाय मराठीत क्रियापद शेवटी, त्यामुळे पडद्यावर 'मॅप'ला ओठ घट्ट मिटलेत आणि आपला आवाज 'नव्हता' म्हणून तोंड उघडं टाकून बसलाय. वाक्याच्या शेवटी तोंड थांबतं ना, नजर तिथेच जाते, म्हणून मी शेवट आधी शोधते.

आवाज बंद करून तो तुकडा परत परत लावला आणि सिलॅबल मोजले, सात. 'मॅप'वर सगळ्यात छान बसत होतं 'पाप'. 'मी नव्हतं केलं हे पाप.' पण थंड डोक्याचा सैनिक असं बोलला तर पौराणिक नाटक वाटेल, आणि सुरुवातीला 'आय'ला तोंड उघडं असताना 'मी'चे ओठ मिटतात ते वेगळंच. मग 'ते नव्हतं माझं काम' करून पाहिलं, तर त्याचा अर्थच 'ती माझी जबाबदारी नव्हती' असा होतो. शेवटी ठरलं: 'नाही केलं मी ते काम.' सात सिलॅबल, सुरुवातीला उघडा 'ना', 'देम'च्या जागी 'मी', शेवटी 'काम'ला ओठ मिटले. 'नेव्हर'मधला व्ह गेला आणि 'मॅप'चा पहिला म पण, पण बोलण्याच्या ओघात ते कुणी पकडत नाही.

आता नकाशा राहिला की! तो पुढच्या वाक्यात टाकला. अधिकाऱ्याची पाठ कॅमेऱ्याकडे होती, तिथे 'मग नकाशा त्यांच्याकडे गेलाच कसा रे?' आरामात मावलं. त्या 'रे'ने वरिष्ठाचा दरारापण आला, इंग्रजीतल्या नुसत्या 'यू'मधून तो कळत नाही.

एरंडवण्यातल्या स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं तेव्हा आर्टिस्टचं वाक्य थोडं आधी संपत होतं. 'काऽऽम' ताणलं की रडका सूर लागायचा. सेकंदाला २४ फ्रेम, त्यातल्या एकदोन इकडेतिकडे चालतात, हे जास्त होतं. मग दिसलं की मूळ नट बोलायच्या आधी तोंड किंचित उघडून श्वास घेतो. तो श्वास स्क्रिप्टमध्ये कंसात लिहिला, आर्टिस्टने तो घेतला आणि वाक्य आपोआप किंचित उशिरा सुरू होऊन जागेवर बसलं.