कन्सोलवर कीबोर्ड अखेर बोलला (आणि आठ हजार हर्ट्झचा बेत रद्द)

मंडळी, चालला! काल रात्री साडेअकराला W दाबला आणि धाकट्याचा गडी स्क्रीनवर पुढं पळाला. तीन आठवडे डोकं खाल्लं होतं या कीबोर्डनं.

मागच्या वेळी लिहिलं होतं तसं, मला पीसी आणि घरचा कन्सोल दोन्हीसाठी एकच माऊस-कीबोर्ड हवा आहे. माऊसचं सरळ झालं, ते आधी उरकतो. पीएडब्ल्यू ३३९५ सेन्सरचा वायरवाला घेतला. कागदावर २६,००० डीपीआय आहे, पण मी १६०० च्या वर कधी गेलो नाही आणि जाणार नाही. सेन्सर खरंच तेवढं मोजतो का, हे पट्टी लावून बघितलं. अॅक्सिलरेशन बंद करून १६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला १६०० काउंटला, १० सेंमी सरकवला, तर ६२९९ काउंट यायला हवेत. मला सरासरी ६१८० मिळाले, म्हणजे जेमतेम दोन टक्के कमी. आधीच्या माऊसमध्ये हा फरक बराच मोठा होता, त्यामुळं हा आकडा बघून लय बरं वाटलं.

आता कीबोर्ड. स्विच राजारामपुरीतल्या दुकानात बोटानं दाबून निवडले: लिनियर, ४५ ग्रॅम, २ मिमीवर लागणारे. क्लिकी मला आवडतात, पण रात्री बाबा शेजारच्या खोलीत झोपलेले असतात. स्विच हात लावून बघू देणारं दुकान असेल तर चार पैसे जास्त गेले तरी तिथंच घ्या. ऑनलाइन मागवलेल्या एका संचातले तीन स्विच मला घासणारे निघाले होते, आणि परतीसाठी त्या विक्रेत्यानं दोन आठवडे घालवले.

पीसीवर कीबोर्ड मस्त चालला. कन्सोलला लावला की दिवे लागायचे, पण एकही अक्षर उमटायचं नाही.

पहिला संशय गेमवर गेला, कारण कन्सोलवर माऊस-कीबोर्ड चालवायचा की नाही हे प्रत्येक गेम ठरवतो. फोर्टनाइट, वॉरझोनसारख्यांत चालतो. बऱ्याच गेममध्ये तो फक्त मेन्यूपुरता असतो. पण माझा तर शोधायच्या चौकटीतही काही टाइप करेना, म्हणजे दोष गेमचा नव्हता. मग ऑफिसचा जुना साधा कीबोर्ड त्याच पोर्टला लावला, तो लगेच चालला. म्हणजे पोर्ट आणि कन्सोल दोन्ही ठणठणीत. केबल बदलली, हब काढला, काही फरक नाही.

सगळ्यात गोंधळात टाकणारी गोष्ट अशी, की पीसीच्या बायोसमध्येही हा कीबोर्ड नीट चालत होता. इचलकरंजीचा आपला एक मित्र म्हणाला, "भावा, बायोसमध्ये चालतोय म्हणजे साधी भाषा त्याला येते. कन्सोलसमोर तो दुसऱ्या तोंडानं बोलत असणार. कुठल्या तोंडानं बोलतोय ते आधी बघ." लिनक्सवर हे चालवलं (स्वतःचा व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडी `lsusb` मधून घ्या, आणि थांबवायला दुसरा कीबोर्ड जवळ ठेवा):

```
sudo usbhid-dump -m vid:pid -es
```

W दाबला की येणारी ओळ 002 या इंटरफेसची होती. 000 पूर्ण गप्प. कोडं तिथंच सुटलं.

साधा यूएसबी कीबोर्ड प्रत्येक वेळी आठ बाइटचा निरोप पाठवतो: एक बाइट शिफ्ट-कंट्रोलसारख्या मॉडिफायरांचा, एक रिकामा आणि सहा बाइट एकाच वेळी दाबलेल्या सहा कळांचे. यालाच आपण ६केआरओ म्हणतो. एनकेआरओ चालू केला की सगळ्या कळा एकदम कळवायच्या असतात. ते आठ बाइटांत बसत नाही, म्हणून या कीबोर्डातलं क्यूएमके फर्मवेअर तो निरोप वेगळ्या इंटरफेसवरून पाठवतं. बायोस सुरुवातीलाच "साधं बोल" असा हुकूम देतं, म्हणून तिथं कीबोर्ड आपोआप ६केआरओवर येतो. आमचा कन्सोल तो हुकूम देत नसावा आणि पहिल्याच इंटरफेसवर कान लावून बसत असावा. कीबोर्ड बोलत होता, पण भलत्याच खिडकीतून.

कळांची कामं बदलायच्या व्हीआयए सॉफ्टवेअरमध्ये एका कळीवर एनकेआरओ चालू-बंद करणारा `NK_TOGG` बसवला, दाबला, आणि कन्सोलवर अक्षरं उमटली. धाकटा उठून नाचला.

आनंद एक दिवस टिकला. दुसऱ्या संध्याकाळी लाइट गेली, परत आली आणि कीबोर्ड पुन्हा मुका. एरवी `NK_TOGG` ची निवड मेमरीत राहते. पण माझ्या बोर्डाच्या फर्मवेअरमध्ये एनकेआरओ सुरू होतानाच सक्तीनं चालू केलेला आहे. वीज गेली की निवड पुसली. दर वेळी कळ दाबायची हे धाकट्याला सांगून उपयोग नाही, तो मलाच हाक मारणार.

आधी विचार होता की सक्ती काढून टाकायची आणि टॉगल ठेवायचा. हे लिहिता लिहिता मनात आलं, एनकेआरओ मला हवाच कशाला? खेळताना एकाच वेळी किती कळा दाबल्या जातात ते मोजलं: W, A, स्पेस, R, फार तर E. शिफ्ट आणि कंट्रोल मॉडिफायरच्या बाइटात जातात, सहांत मोजलेच जात नाहीत. पाचच्या वर मी एकदाही गेलो नाही. म्हणून मघाशी लिहिणं थांबवून माझ्या कीमॅपच्या `rules.mk` मध्ये एकच ओळ टाकली आणि नव्यानं फ्लॅश केलं:

```
NKRO_ENABLE = no
```

पाच वेळा प्लग काढून लावला. पाचही वेळा कन्सोलवर पहिल्या कळीला उमटलं. पीसीवर काहीच कमी झाल्यासारखं वाटलं नाही.

यातून माऊसचा पुढचा बेतही बदलला. दिवाळीला आठ हजार हर्ट्झवाला घ्यायचं ठरवलं होतं. हिशोब मांडला: १००० हर्ट्झला माऊस दर १ मिलिसेकंदाला निरोप देतो, म्हणजे सरासरी अर्धा मिलिसेकंद उशीर. ८००० ला तो ०.०६ वर येतो. वाचले साधारण ०.४४. आमचा कन्सोल ६० फ्रेमवर चालतो, तिथं एक फ्रेमच १६.७ मिलिसेकंदांची. १२५ वरून १००० वर जाणं मात्र हाताला जाणवतं, कारण तिथं सरासरी साडेतीन मिलिसेकंद वाचतात. म्हणून १००० वरच थांबतोय. मात्र माऊस घेताना ऑनबोर्ड मेमरी हवीच. कन्सोलवर कंपनीचं सॉफ्टवेअर चालत नाही. डीपीआय आणि पोलिंग रेट पीसीवर ठरवून माऊसमध्येच साठवला नाही, तर तिकडं जे मुळात भरलेलं असेल तेच मिळतं. माझ्यात १६०० आणि १००० साठवलेत, दोन्हीकडं हात सारखाच पडतो.

वायरलेसचा विचार करणाऱ्यांसाठी एक: एक्सबॉक्स ब्लूटूथ माऊस-कीबोर्ड घेत नाही, तिथं २.४ गिगाहर्ट्झचा डोंगलवाला किंवा वायरवालाच लागतो. आणि माऊसला कंट्रोलर भासवणारे अॅडॉप्टर मी घेणार नाही. ते माऊसची हालचाल काठीच्या झुकण्यात बदलतात. काठी पूर्ण झुकली की गेम जेवढ्या वेगानं वळू देतो, त्याच्या पुढं तुमचा सेन्सर कितीही चांगला असला तरी वळणार नाही. शिवाय फोर्टनाइट आणि कॉल ऑफ ड्यूटीवाले अशा उपकरणांवर कारवाई करतात.

वाचलेल्या पैशात मॅग्नेटिक स्विचचा बोर्ड बघतोय, पण घ्यायच्या आधी दुकानात लॅपटॉप नेऊन वरची कमांड चालवणार. W 000 वरून आला तरच पैसे देणार.