मेल्यावर उतरलेलं सोनं

श्रावणातली गोष्ट. कीटकसंग्रहाच्या खोलीत दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी डबी घेऊन आली. बेशरमाच्या पानावर तिला कासवासारख्या पाठीचा भुंगा सापडला होता, अस्पिडोमॉर्फा वंशातला. "मॅडम, काल अगदी सोन्याचा होता. आज मेला, तर हा असा!" डबीत मळकट तपकिरी किडा होता. रसायनामुळे रंग जळाला, अशी तिला धास्ती होती.

मी भुंगा ओल्या टिपकागदावर ठेवला, वर काचेचं झाकण घातलं आणि तिला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. आली तेव्हा पाठीच्या मधोमध सोनं परत चढलं होतं. कडा मात्र अजून हिरवट होत्या, आणि मला त्या कडाच जास्त आवडल्या, कारण खरं उत्तर तिथेच होतं.

या भुंग्यात सोनेरी रंगद्रव्य नसतं. त्याच्या कवचात अतिशय पातळ थर एकावर एक असतात. प्रत्येक थराच्या सीमेवरून थोडा प्रकाश परततो, आणि ज्या तरंगलांबीच्या लाटा एकमेकींशी जुळतात तोच रंग उजळतो. त्या तरंगलांबीचा ढोबळ हिशोब असा: लगतच्या दोन थरांच्या जोडीची जाडी गुणिले सरासरी अपवर्तनांक गुणिले 2. जोडी 180 नॅनोमीटरची आणि अपवर्तनांक 1.6 धरला, तर 576 नॅनोमीटर येतात, म्हणजे पिवळा. सगळ्या जोड्या सारख्या असत्या तर एकच रंग दिसला असता. इथे त्यांची जाडी बदलत जाते, म्हणून तांबड्यापासून हिरव्यापर्यंतचा प्रकाश एकदम परततो आणि धातूची झळाळी येते.

या थरांत पाणी असतं. ते सुकलं की थर आक्रसतात. जाडी दहाव्या हिश्श्याने घटली की 576 चे सुमारे 520 होतात, म्हणजे हिरवा. ओल अजून पुरती न पोचलेल्या कडा म्हणूनच हिरव्या होत्या. आणखी सुकलं की थरांची आखणीच मोडते आणि खालचा तपकिरी उघडा पडतो.

"मग हिरव्या झळाळीचं सोनपाखरू का नाही फिकं पडत?" तिने विचारलं. प्रश्न नेमका होता. सोनपाखराचे थर घट्ट आणि कोरडे असतात, सुकून बदलण्यासारखं त्यात फारसं काही नसतं. जपानमध्ये नारा प्रांतातल्या होर्युजी मंदिरात सातव्या शतकातला तामामुशी देव्हारा आहे. त्यावर बसवलेल्या सोनपाखरांच्या पंखकवचांपैकी काही अजून चमकतात. मी तिला सोनपाखराच्या कवचाचा एक तुटका तुकडा खलात कुटायला दिला. हिरवी पूड होईल असं तिला वाटलं होतं. झाली काळपट तपकिरी. रंगद्रव्य असतं तर कुटल्यावरही हिरवंच राहिलं असतं.

तिचा भुंगा पुन्हा सुकला आणि पुन्हा तपकिरी झाला. सुईने टोचून ठेवलेल्या नमुन्यात ते सोनं टिकवायचा उपाय माझ्याकडे नाही. म्हणून आता या भुंग्यांचा फोटो आम्ही ते जिवंत असतानाच काढतो आणि चिठ्ठीवर लिहितो: 'जिवंतपणी सोनेरी'.