मिरजेला तंबोरा नेताना: नाव एक, पत्ते तीन

तंबोऱ्याची जवारी बसली होती, म्हणजे घोडीवरची तार नीट झंकारत नव्हती, म्हणून मिरज गाठायचं ठरलं. ओळखीच्या गवयांनी सांगितलेलं दुकान शोधलं, तर नकाशावरची खूण स्टेशन रोडला, एका जुन्या फोटोतली पाटी अरुंद गल्लीत, आणि कुणाचा अभिप्राय म्हणतो 'दर्ग्यापासून चालत'. भोपळा सांभाळत रिक्षातून तिन्हीकडे फिरायची हौस नव्हती, म्हणून घरूनच छडा लावला.

मिरजेत एक गोम आहे. सतारमेकर हे इथं आडनावच आहे आणि भावकीतल्या दुकानांच्या पाट्या सारख्या दिसतात. त्यामुळे पत्ते तीन दिसले म्हणजे दुकान हललंच असेल असं नाही. दुकानंच वेगवेगळी असू शकतात. म्हणून पत्ते बाजूला ठेवून आधी फोन नंबर जुळवावेत. गल्लीतल्या पाटीवर 0233 च्या पुढे सहाच आकडे होते, म्हणजे लँडलाइनला 2 लागण्याआधीची, वीसेक वर्षांपूर्वीची पाटी. पण खाली मागाहून रंगवलेला मोबाइल नंबर होता, आणि तोच स्टेशन रोडच्या ताज्या फोटोत दिसला. दर्ग्याजवळच्या दुकानाचा नंबर निराळा निघाला.

अभिप्राय तारखेनुसार लावून वाचा, ताऱ्यांकडे बघू नका. मालकानं नकाशावरची खूण हलवली की जुने फोटो आणि अभिप्रायही तिच्यासोबत नव्या जागी जातात, सगळा घोळ तिथून होतो. एकानं बिलाचा फोटो टाकला होता. त्यावरचा 27 नं सुरू होणारा पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक gst.gov.in वरच्या Search Taxpayer मध्ये घातला, तर व्यवसायाची मुख्य जागा स्टेशन रोड आली आणि नोंदणी चालू दिसली. यावर डोळे झाकून विसंबू नये, कारण कागदोपत्री पत्ता मालकाच्या घराचाही असतो, आणि छोट्या कारागिराची नोंदणी नसतेच.

शेवटी फोन केला. 'पत्ता काय?' विचारलं की पाठ असलेला पत्ता मिळतो. त्याऐवजी विचारलं, "काका, जवारी काढायला कुठं यायचं? समोर काय आहे?" तेव्हा खरी गोष्ट कळली: स्टेशन रोडला फक्त विक्री, दुरुस्ती अजून गल्लीतल्या कारखान्यातच, आणि दर्ग्याजवळ बसतो तो चुलतभाऊ. म्हणजे नकाशा आणि जीएसटी दोन्ही खरे, पण माझ्या कामाचे नाहीत. त्यांना कारखान्यातूनच व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवायला सांगितलं. ते तिथं बसलेले असतानाच मागवा, नाहीतर घरचं येतं.

त्यांनी आणखी एक बजावलं: "रिक्षावाल्याला नुसतं सतारमेकर सांगू नका, तो पहिल्या दिसेल त्या दुकानात सोडतो. गल्लीच्या तोंडाशी उतरा आणि फोन करा, पोरगं पाठवतो."