थिजलेलं तूप

गणपतीच्या आदल्या आठवड्यात घरून मोदक करून विकणाऱ्या एका ताईंनी फोटो पाठवला. केळीच्या पानावर पाच उकडीचे मोदक, मागे पांढरी भिंत. "दादा, फक्त वाफ टाकून द्या."

अर्ध्या तासाचं काम, म्हणून मी आधी फोटोशॉपमधला तयार धुराचा ब्रश फिरवला. मोदकांवर अगरबत्ती लावल्यासारखं दिसायला लागलं. धुराची बारीक रेघ लांब जाते, वळसे घेते. वाफ मात्र सुटताना पसरट असते आणि वीतभर वर जाऊन विरते.

मग रात्री खरी वाफच टिपली. ओट्यामागे काळी साडी टांगली, पातेल्यात पाणी उकळवलं आणि टेबललॅम्प वाफेच्या मागे, जरा बाजूला ठेवला. समोरून उजेड टाकला तर वाफ जवळजवळ दिसतच नाही. शटर १/२०० ठेवून तीसेक फोटो काढले, त्यातले दोन कामाचे निघाले.

वाफेचा फोटो मोदकांवर ठेवून मोड Screen केला, की काळं गायब होतं आणि उजळ तेवढं उरतं. पण साडी कॅमेऱ्यात पूर्ण काळी येत नाही, त्यामुळे फोटोची चौकट फिकट दिसत राहिली. Levels मधला काळा स्लायडर थोडा आत ओढल्यावर ती गेली. पण भिंतीवर वाफ दिसतच नव्हती! कारण Screen फक्त उजळ करतो, आणि आधीच पांढऱ्या असलेल्या भिंतीवर आणखी काय उजळणार? शेवटी भिंत वेगळी निवडून Curves ने गडद राखाडी केली, तेव्हा वाफ उठून दिसली. पुढच्या दोन मोदकांवरची वाफ मास्कने पुसून ती मागच्या तिघांच्या आडून वर काढली आणि लेयरची Opacity ५५ वर आणली. मी खूश.

ताईंनी फोटो सासूबाईंना दाखवला. लगेच फोन आला. "आई म्हणतात, तूप थिजलंय की. मग वाफ कुठली?"

मी शंभर टक्के झूम केलं. मधल्या मोदकाच्या टोकावर तुपाचा पांढरट, रवाळ गोळा बसला होता. बाकी चौघांवर तूप नव्हतंच. दोन दिवस मी तो मोदक बघत होतो, पण माझं लक्ष फक्त वाफेवर होतं.

थिजलेल्या तुपाला रंगवून वितळवता येत नाही. वितळलेलं तूप चमकतं, कळ्यांच्या खाचांत उतरतं, आणि ती चमक हाताने काढली की प्लास्टिकसारखी दिसते. म्हणून Clone Stamp घेऊन शेजारच्या मोदकाच्या कळ्या उचलल्या आणि गोळा झाकला. चाळीस मिनिटं गेली.

फोटो परत पाठवला. थोड्या वेळाने उत्तर आलं: "आई विचारतात, तूप न घालताच वाढले का?"